एसडीएफमध्ये पैसे ठेवायचेत? आधी पात्रता बघा, मग व्याजदर

"आमच्याकडे 20 कोटी पडून आहेत. कॉलमध्ये 4.90 च्या वर कोणी घेत नाही, आणि रिझर्व्ह बँक तर 5 टक्के देते म्हणतात. मग आम्ही तिथे का ठेवायचे नाहीत?" नागरी सहकारी बँकेच्या ट्रेझरीत नवीन बसलेला माणूस हे हमखास विचारतो. कॉल म्हणजे बँकांची आपसातली एका रात्रीची उधारी, आणि एसडीएफ म्हणजे बँकांनी जादा पैसा रात्रभर रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची व्याजाची सोय. उत्तर सहसा एका ओळीत येतं, "तुम्ही पात्र नाही", आणि कारण कोणी सांगत नाही.

कारण समजायला थोडं मागे जावं लागतं. कॉरिडॉर पद्धतीत मध्यवर्ती बँक पैसा जेमतेम ठेवते. वर उधारीचा दर, खाली ठेवीचा दर, आणि एक रात्रीचा बाजारदर मधल्या रेपो दराजवळ राहावा म्हणून ती रोज थोडा पैसा सोडते किंवा ओढते. फ्लोअर पद्धतीत ही रोजची मोजदाद सुटते. बँकांकडे मुबलक पैसा असतो आणि बाजारदर ठेवीच्या दरावर येऊन टेकतो. अमेरिकेत 2008 पासून राखीव निधीवर व्याज मिळतं आणि आज तिथे हीच पद्धत आहे. आपल्याकडे कागदोपत्री कॉरिडॉरच आहे. रेपो 5.25 असेल तर खाली ठेवीचा दर एसडीएफ 5.00 आणि वर उधारीचा दर एमएसएफ 5.50. पण पैसा उतू जायला लागला की कॉल रेट खालच्या टोकाला जाऊन बसतो, आणि कॉरिडॉर नावापुरता उरतो.

हा तळ पक्का राहण्यात पूर्वी एका कागदाची अडचण होती. तो कागद म्हणजे तारण. सीआरआरवर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायच्या रोख हिश्शावर, 2007 पासून व्याज नाही, त्यामुळे जादा पैसा शोषायला रिव्हर्स रेपो वापरायचे. त्यात बँकेने पैसे ठेवले की रिझर्व्ह बँकेला बदल्यात सरकारी रोखे द्यावे लागत. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत ठेवींचा लोंढा आला आणि तेवढे रोखेच हाताशी उरेनात. म्हणून काही दिवस वाढीव ठेवींवर चक्क 100 टक्के सीआरआर लावावा लागला. पुढे 2018 साली कायदा बदलला आणि 8 एप्रिल 2022 ला एसडीएफ सुरू झाली. इथे तारणाची गरजच नाही.

आता पात्रता. एसडीएफ फक्त एलएएफमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या रोजच्या रोकड देवघेवीत, भाग घेऊ शकणाऱ्यांसाठी आहे. नागरी सहकारी बँक असाल तर आधी शेड्यूल्ड असावं लागतं, म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या अनुसूचीत नाव लागतं. वर कोअर बँकिंग हवं आणि भांडवल पर्याप्तता किमान 9 टक्के हवी. गावोगावच्या बहुतेक सहकारी बँका पहिल्याच अटीला गळतात. म्युच्युअल फंडांनाही हे दार बंदच. त्यांचा पैसा ट्रेप्समध्ये, म्हणजे रोख्यांच्या तारणावरच्या उधारीच्या बाजारात, जातो, आणि लोंढा मोठा असला की तिथला दर एसडीएफच्या खाली घसरतो. दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा पैसा बाजारात तळाच्याही खाली विकला जातो, एवढाच याचा अर्थ. पात्र बँका तो स्वस्तात घेऊन एसडीएफमध्ये ठेवू शकतात, पण त्यांनी घ्यायलाच हवा अशी सक्ती नाही. 2020 च्या अखेरीस रिव्हर्स रेपो 3.35 असताना कॉल रेट त्याच्याही खाली गेला होता, तेव्हा हेच दिसलं.

आपल्या 20 कोटींचा हिशेब: 5 टक्क्यांनी एका रात्रीचे 27,397 रुपये, 4.90 ने 26,849. फरक 548 रुपयांचा. वर्षभर रोज असंच चाललं तर सुमारे दोन लाख. बुडण्यासारखी रक्कम नाही, पण लहान बँकेच्या संचालकांना ती ताळेबंदात दिसते आणि मग बिचाऱ्या ट्रेझरीवाल्याला धारेवर धरलं जातं.

पात्र असाल तर बाकीचं सोपं आहे: रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर बोली, किमान 1 कोटी आणि त्याच्या पटीत. तरी दोन ठिकाणी माणसं हमखास ठेचकाळतात.

पहिलं, वेळ. योजनेच्या मूळ सूचनेत खिडकी संध्याकाळी 5:30 ते रात्री 11:59 अशी आहे. सकाळी लॉग-इन करून "बोलीच घेत नाही" म्हणून तक्रार करणारे मी पाहिलेत.

दुसरं याहून महागात पडतं. एसडीएफमधली रक्कम एसएलआरमध्ये, म्हणजे सरकारी रोखे वगैरेंत सक्तीने ठेवायच्या हिश्शात धरतात, सीआरआरमध्ये नाही. ओळखीच्या एका बँकेत पोराने दिवसअखेरीची शिल्लक उचलून सगळी एसडीएफमध्ये टाकली. पैसे रिझर्व्ह बँकेकडेच आहेत, मग सीआरआरही झालाच, असा त्याचा समज. सीआरआरची रोजची किमान पातळी, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या 90 टक्के, त्या दिवशी तुटली. तुटीवर दंडव्याज बँक रेटच्या वर 3 टक्के. म्हणजे एसडीएफमध्ये जेवढं कमावलं त्याहून जास्त दिलं. तेव्हा आधी सीआरआरचा आकडा काढा, त्यात थोडी सैल जागा ठेवा, आणि उरेल तेवढ्याचीच बोली टाका.