प्लग गेजलाही माप असते: गो, नो-गो आणि झिजेची सोय

एकोणिसाव्या शतकात भोक तपासायला कारखान्यात ठरलेल्या मापाचा एकच दंडगोल, म्हणजे प्रमाण प्लग, असे. तो 'नीट बसला' की भोक ठीक. पण नीट म्हणजे किती, हे कारागिराच्या हाताला ठरवावे लागे, आणि दोन हातांचे क्वचितच जुळे. पुढे लहान आणि मोठी अशा दोन मर्यादांचे गेज रूढ झाले. लहान मर्यादेचा गो भोकात गेला पाहिजे, मोठ्या मर्यादेचा नो-गो जाता कामा नये. १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: गो गेजने भोकाचा संपूर्ण आकार एकदम तपासावा, नो-गोने एका वेळी एकच माप. म्हणूनच गोचा दंडगोल लांब आणि नो-गोचा आखूड असतो.

प्रश्न उरला तो गेजच्या स्वतःच्या मापाचा. गेजही कुणीतरी ग्राइंड करून बनवतो, तेव्हा त्यालाही टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, द्यावाच लागतो. पूर्वापार नियम कामाच्या टॉलरन्सच्या एक दशांशाचा. २५ मिमीचे, एच७ या प्रमाणित टॉलरन्सचे भोक घ्या: २५.००० ते २५.०२१ मिमी, म्हणजे टॉलरन्स २१ मायक्रॉन, मिलिमीटरचे २१ हजारांश. एक दशांश २.१, सोयीसाठी २ धरू.

गो गेज रोज शेकडो भोकांतून घासत जातो आणि बारीक होतो. २५.००० च्याही खाली गेला, तर तो लहान भोकेही पास करील आणि शाफ्ट जुळणीच्या वेळी अडकेल. म्हणून झिजेसाठी आधीच २ मायक्रॉन राखायचे: नवा गो २५.००२ ते २५.००४ दरम्यान बनवायचा आणि झिजून २५.००० ला आला की बाद करायचा. झीज आधी पुढच्या टोकाला दिसते, म्हणून मोजणी तिथे करावी. नो-गो २५.०१९ ते २५.०२१. तो चांगल्या भोकात शिरतच नाही, त्यामुळे फार झिजत नाही; झिजलाच तर काही चांगली भोके नाकारेल, वाईट भोक पास करणार नाही.

याची किंमत कामगार मोजतो. २५.००४ च्या टोकाचा गो आणि २५.०१९ चा नो-गो वाट्याला आले, तर २१ पैकी १५ मायक्रॉनच हाती उरतात. त्यातूनच जुना वाद पेटला: वर्कशॉपने पास केलेले भोक तपासणी विभागाचा वेगळा गेज नाकारी. तोडगा म्हणून तपासणीच्या गेजचा टॉलरन्स कामाच्या मर्यादेबाहेर ठेवू लागले. भांडण मिटले, पण मर्यादेबाहेरची भोकेही पास होऊ लागली. मला हा तोडगा चुकीचाच वाटतो, कारण ड्रॉइंगवरची मर्यादाच त्याने सैल केली. पुढे दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचे गेज वापरण्याकडे कल झुकला. नवा गेज वर्कशॉपला आणि मर्यादेत असलेला झिजलेला तपासणीला द्यायचा: वर्कशॉपचा कडक, तपासणीचा किंचित सैल, दोन्ही मर्यादेच्या आतच.