टीव्ही आपोआप बंद होतो तेव्हा त्याने काय मोजलेलं असतं?

आत्याचा फोन आला तो टीव्ही बिघडल्याचं सांगायला. "अगं, ऐन मालिकेत पडदा काळा होतो. परत लावला की नीट चालतो." दुरुस्तीवाला येऊन वायर बदलून गेला होता, तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी तिला म्हटलं, टीव्ही लावलास की घड्याळ बघून वेळ लिही आणि बंद पडला की पुन्हा लिही. चार दिवसांनी तिने कागद वाचून दाखवला. 5.50 ला लावला, 9.50 ला बंद. 6.15 ला लावला, 10.15 ला बंद. 5.40 ला लावला, 9.40 ला बंद. चौथ्या दिवशी मात्र 6.05 ला लावला आणि अकराला तिने स्वतः बंद करेपर्यंत चालू राहिला.

पहिल्या तीन दिवसांचं अंतर बरोबर चार तास आहे, मिनिटाचाही फरक नाही. खरा बिघाड असा नेमाने वागत नाही. सैल प्लग, तापलेला भाग, खालीवर होणारा वीजदाब यांच्यामुळे बंद पडणारा टीव्ही कधी वीस मिनिटांत पडतो, तर कधी दोन दिवस पडतच नाही. अंतर दर वेळी तेवढंच असेल, तर आत कुठेतरी मोजणी चालू आहे हे नक्की.

ही मोजणी आपोआप बंद होण्याच्या सोयीची असते. मेनूत ती `Auto Power Off` किंवा `Idle TV Standby` अशा नावांनी दिसते आणि बहुतेक वेळा वीजबचतीच्या किंवा वेळेच्या सेटिंगमध्ये असते. युरोपीय संघाने 2009 च्या नियमात टीव्हींसाठी ही सोय सक्तीची केली: शेवटचं बटण दाबल्यापासून जास्तीत जास्त चार तासांत टीव्ही झोपला पाहिजे, आणि त्याआधी पडद्यावर सूचना आली पाहिजे. चार तासांचा हा आकडा पुष्कळ टीव्हींमध्ये कारखान्यातूनच भरलेला असतो, घरात कोणी तो निवडलेला नसतो.

पण आत्या काही चार तास हात बांधून बसत नव्हती, दर दहा मिनिटांनी चॅनल बदलत होती. मग टीव्हीला ती निष्क्रिय का वाटली? कारण चॅनल ती सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने बदलत होती, आवाजही त्यानेच कमीजास्त करत होती. त्या रिमोटचा इशारा बॉक्सला कळतो, टीव्हीला नाही. टीव्हीच्या दृष्टीने संध्याकाळी सहाला कोणीतरी चालू केलं आणि नंतर त्याला कोणी हातच लावला नाही. चौथ्या दिवशी शेजारीण बोलायला आली, तेव्हा आत्याच्या हाताशी टीव्हीचा रिमोट होता, म्हणून तिने त्याने आवाज बंद केला. वेळ होती साधारण आठची. मोजणी तिथून पुन्हा शून्यावर गेली आणि चार तास संपायच्या आत ती झोपायला गेली. बंद होण्याआधीची सूचना रोज येतच होती, पण लहान अक्षरांत आणि कोपऱ्यात. चष्मा घालूनही ती तिच्या नजरेला पडली नव्हती.

म्हणून ज्येष्ठांच्या टीव्हीवर ही सोय बंद करावी असं मला वाटायचं, आणि मी ती बंद केली. ते अर्धवट काम होतं. दोन आठवड्यांनी कळलं की आत्या साडेदहाला खुर्चीतच डुलकी घेते, टीव्ही दोन वाजेपर्यंत चालू राहतो, आणि मग अंथरुणात पडल्यावर तिचा डोळा लागत नाही. चार तासांची ती मोजणी वीज वाचवण्यासाठी केलेली आहे. बघणारा जागा आहे की झोपला, कुठल्या वेळी झोपायला हवा, याच्याशी तिचा संबंध नाही. त्या कामासाठी मेनूत दुसरी दोन साधनं असतात.

पहिलं `Sleep Timer`. तो दाबल्या क्षणापासून उलटा मोजतो, 30, 60, 90 अशा ठरावीक मिनिटांचा. मध्ये कितीही बटणं दाबा, तो थांबत नाही. पण तो त्या रात्रीपुरताच असतो, आणि टीव्ही एकदा बंद करून परत लावला की बहुतेक टीव्हींमध्ये पुसला जातो. दुसरं `Off Timer`. तो मिनिटं मोजत नाही, घड्याळ बघतो. रात्री 10.15 ठरवले की रोज 10.15 ला बंद. त्याची एकच अट आहे, टीव्हीचं घड्याळ बरोबर हवं. घड्याळ हाताने लावलेलं असेल, तर वीज गेल्यानंतर ते एकदा तपासून घ्यावं.

आत्यासाठी कोणती वेळ लावायची, हा प्रश्न खरा महत्त्वाचा होता. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने 1982 मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते. झोप दोन गोष्टींनी ठरते, एक शरीराचं रोजचं घड्याळ आणि दुसरं जागेपणी हळूहळू साठत जाणारं झोपेचं ओझं. जितका वेळ जागे, तितकं ओझं जास्त. झोपलो की ते उतरू लागतं. खुर्चीतली अर्ध्या तासाची डुलकी त्या ओझ्याचा एक भाग उतरवून टाकते. मग माणूस उठून दात घासतो, दिवा मालवतो, आडवा होतो, आणि झोपेला ओढून आणायला पुरेसं ओझं शिल्लक राहिलेलं नसतं. वयानुसार झोप हलकी होते, त्यामुळे चालू टीव्हीचे आवाज खुर्चीतल्या त्या झोपेलाही धड खोल जाऊ देत नाहीत. डुलकी झाली, पण विश्रांती झाली नाही, असं होतं.

म्हणजे टीव्ही बंद व्हायला हवा तो डुलकीच्या आधी. आठवडाभर आत्याची मान कधी कलंडते याकडे लक्ष ठेवलं. बहुतेक दिवशी ती वेळ साडेदहाच्या आसपास होती, म्हणून `Off Timer` 10.15 चा लावला, तिची मालिका दहाला संपते हे बघूनच. तिला आधी सांगितलं, आणि तिच्या संमतीने लावला. न सांगता लावलेला टायमर म्हणजे पुन्हा "टीव्ही बिघडला" असा फोन.

डोळा लागल्यानंतर टीव्ही बंद झाला तर काय होतं? काही जण त्या शांततेनेच दचकून उठतात. झोपेत मेंदू ऐकणं थांबवत नाही, तो बदलाची दखल घेतो, आणि मोठा आवाज एकदम नाहीसा होणं हाही बदलच. ऐकू कमी येणारे आजोबा-आजी आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हा फरक अधिक मोठा. शेवटच्या अर्ध्या तासात आवाज दोन टप्प्यांत उतरवला तर बंद होणं तितकं जाणवत नाही.

याहून मला जास्त काळजी वाटते ती अंधाराची. पुष्कळ घरांत रात्री टीव्हीचाच उजेड असतो. तो गेला की खोली एका क्षणात काळोखी होते, आणि वयस्कर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा वेळी खुर्चीतून उठून चाललं की पडण्याची भीती असते. टायमर लावायच्या आधी खुर्चीपासून दरवाजापर्यंतच्या वाटेवर एक छोटा रात्रदिवा लावा, तो टीव्हीच्या प्लगवर अवलंबून नसलेला. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासमोर पडदा अचानक काळा होणं घाबरवणारं ठरू शकतं. तिथे टायमर नको, कोणीतरी जवळ बसून, बोलून टीव्ही बंद करावा.

मुलांचं गणित वेगळं आहे. तिथे अडचण डुलकीची नसून थांबण्याची असते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये लहान मुलांच्या आईवडिलांकडून स्क्रीन बंद करतानाच्या प्रसंगांच्या नोंदी घेतल्या. "आता दोन मिनिटं राहिली" असं आधी सांगितलेल्या वेळी मुलं कमी नाही, उलट जास्त चिडलेली आढळली. आणि कार्यक्रम स्वतःहून संपला, किंवा यंत्रानेच थांबवलं, तेव्हा ती तुलनेने सहज उठली. आईने बंद केलं तर आईशी वाद घालता येतो. गोष्टच संपली तर वाद घालायला काही उरत नाही.

पण टायमर गोष्टीच्या मधोमध तोडत असेल तर हा फायदा हातचा जातो. समजा मुलाला दोन भाग बघायचे आहेत, प्रत्येकी 22 मिनिटांचे. एकूण 44. टीव्हीत पर्याय आहेत 30 आणि 60. तिसाचा लावला तर दुसरा भाग आठव्या मिनिटाला तुटतो आणि रडारड होते. साठचा लावला तर दुसऱ्या भागानंतर सोळा मिनिटं उरतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होत असेल, तर तिसरा भाग सोळाव्या मिनिटाला तुटतो, आणि हा प्रसंग सगळ्यात वाईट, कारण तो भाग मुलाने मागितलेलाच नव्हता. म्हणून आधी अ‍ॅपच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागणं बंद करा. आता 44 व्या मिनिटाला गोष्ट संपते, पडद्यावर फक्त यादी उरते, मूल उठतं, आणि साठचा टायमर मागे राहतो तो कोणी विसरलं तर म्हणून.

वेळ मागे मोजत ठरवावी. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था झोपेआधी एक तास स्क्रीन नको असं सांगते. मूल नऊला झोपत असेल, तर टीव्ही आठला संपला पाहिजे, म्हणजे वरचे दोन भाग 7.15 ला सुरू व्हायला हवेत. टायमर नऊचा लावून तो झोपेचा टायमर समजणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. आणि मोठ्या मुलांबाबत एक लक्षात ठेवा: टीव्ही बंद करून चालू केला की `Sleep Timer` जातो, हे त्यांना लवकर कळतं. तिथे पिनकोड असलेली वेळमर्यादा लागते, टायमर पुरत नाही.

शेवटी बॉक्सचं. टीव्हीचा टायमर टीव्हीच बंद करतो, बॉक्स रात्रभर चालू राहतो. दोघांमधली एचडीएमआय-सीईसी जोडणी चालू केली तर टीव्हीबरोबर बॉक्सही झोपू शकतो. पण ती दोन्ही बाजूंनी चालते. काही बॉक्स मध्यरात्री अपडेट होऊन स्वतःच पुन्हा सुरू होतात आणि टीव्हीलाही उठवतात. आत्याच्या घरी पहाटे तीनला एकदा तसं झालं. आता तिची सीईसी जोडणी बंद आहे आणि बॉक्स ती झोपायला जाताना स्वतःच्या हाताने बंद करते.