गळका टनर आणि पाण्याची होज : हात आखडता का घ्यायचा

पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीनच्या खोलीत गळती झाली की नवख्या माणसाचा पहिला हात पाण्याच्या होजकडे जातो. मी स्वतः ट्रेनिंगमध्ये हेच उत्तर दिलं होतं आणि ते साफ चुकीचं होतं. का चुकीचं हे नीट कळलं की बाकीची बरीचशी कामाची पद्धत आपोआप समजते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

टनर म्हणजे तो आडवा ठेवलेला मोठा ड्रम, साधारण 900 किलो क्लोरीनचा. आत बहुतेक सगळं द्रव असतं आणि वरच्या थोड्या जागेत वायू. क्लोरीन उणे 34 अंशालाच उकळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते फक्त दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. एका टोकाला दोन व्हॉल्व असतात आणि टनर असा ठेवायचा की दोन्ही एकावर एक उभ्या रेषेत येतील, मग वरच्यातून वायू मिळतो आणि खालच्यातून द्रव. हे जुळवायला टनर रोलरवर ठेवलेला असतो, म्हणजे तो जागेवर फिरवता येतो. ही फिरवायची सोय गळतीच्या वेळी जीव वाचवते.

कारण एक लिटर द्रव बाहेर आलं की त्याचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. भोक तेवढंच असलं तरी त्यातून वायूऐवजी द्रव येत असेल तर साधारण पंधरापट क्लोरीन बाहेर पडतं.

आता समजा सकाळी ड्युटीवर आल्यावर वास येतोय, डिटेक्टर वाजतोय. वास एक पीपीएमच्याही खाली नाकाला कळतो आणि 10 पीपीएमला जागा जिवाला धोकादायक मानतात, त्यामुळे वास आला म्हणजे बाहेर पडायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि उंचावर, कारण हा वायू हवेच्या अडीचपट जड आहे, खड्ड्यात आणि ट्रेंचमध्ये साचतो. परत आत जाणारे दोघं, पाठीवर हवेचा सिलिंडर आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लावून, तिसरा बाहेर लक्ष ठेवून. साधा फिल्टरवाला मास्क इथे चालत नाही, वायू जास्त झाला की तो लवकर संपतो आणि ऑक्सिजन तर तो देतच नाही.

गळती शोधायला अमोनिया. काठीला बांधलेला अमोनियाचा बोळा जॉइंटजवळ फिरवायचा, क्लोरीन असेल तिथे पांढरा धूर उठतो. फक्त वाफ न्यायची, द्रावण पितळी व्हॉल्ववर सांडू द्यायचं नाही, पितळ खराब होतं. बहुतेक वेळा धूर जोडणीपाशी निघतो, म्हणजे शिशाचा वॉशर गेलाय (एकदा वापरलेला परत बसवला की हेच होतं, नवा वॉशर प्रत्येक वेळी), व्हॉल्व बंद केला की थांबतं. व्हॉल्वच्या दांड्यापाशी निघत असेल तर पॅकिंग नट हलकाच आवळून बघायचा.

पण समजा धूर खालच्या बाजूच्या फ्युजिबल प्लगपाशी निघाला. टनरला असे सहा प्लग असतात, दोन्ही टोकांना तीन तीन, 70 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या धातूचे, आगीत टनर फुटू नये म्हणून. खालचा प्लग गळतोय म्हणजे द्रव येतंय. इथे व्हॉल्व बंद करून गळती थांबत नाही, पण टनर फिरवता यावा म्हणून ते बंद करायचे, लवचिक नळी सोडवायची आणि टनर अर्धा फेरा फिरवायचा. गळका प्लग वर आला, आता तिथून फक्त वायू निघतो.

आणि इथेच पाण्याचा मुद्दा येतो. वायू निघाला की आतलं द्रव उकळायला लागतं आणि उकळायला लागणारी उष्णता स्वतःच्याच अंगातून घेतं, त्यामुळे टनर गार होतो, बाहेर दव आणि मग बर्फ साचतो, दाब पडतो, गळती आपोआप मंदावते. त्या बर्फाच्या वरच्या कडेवरून आत द्रव किती उरलंय याचा अंदाजही लागतो. अशा वेळी होज मारली की आपण टनरला उष्णता पुरवतो, बर्फ वितळतो, दाब परत चढतो. शिवाय ओलं क्लोरीन हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल बनवतं, ते भोकाच्या कडा खातं आणि छोटं भोक बघता बघता मोठं होतं.

गळती मंदावली की आपत्कालीन किटमधली टोपी गास्केटसकट प्लगवर बसवून आवळतात. तोपर्यंत खोलीतली हवा पंख्याने ओढून स्क्रबरमधून, म्हणजे क्लोरीन शोषून घेणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून, पाठवायची. एक किलो क्लोरीनला किमान 1.13 किलो कॉस्टिक लागतो, म्हणजे पूर्ण भरलेल्या टनरसाठी हजार किलोच्या वर. आणि हे शेवटचं गणित गळतीच्या दिवशी नाही करायचं, टाकीतलं द्रावण किती ताकदीचं उरलंय हे आधीपासून तपासत राहायचं, वापर न होताही ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मरत जातं.