गाडी लावण्याआधी एसडीएस का मागतात : पार्श्वभूमी

महापे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीतून न्हावाशेव्याला जाणाऱ्या रासायनिक मालासाठी गाडी लावण्याआधी माल पाठवण्याची व्यवस्था पाहणारा फॉरवर्डर पुरवठादाराकडे एसडीएस, म्हणजे रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, आणि मालाचा धोकावर्ग मागतो. या एकाच मागणीत दोन वेगळे इतिहास मिसळले आहेत.

पहिला इतिहास वाहतुकीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयीच्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध केल्या आणि माल ओळखणारा यूएन क्रमांक, धोक्याचे नऊ वर्ग, धोक्याची तीव्रता सांगणारा पॅकिंग ग्रुप ही परिभाषा त्याच परंपरेत घडत गेली. समुद्री वाहतुकीसाठीची आयएमडीजी संहिता १९६५ची असली, तरी ती बंधनकारक झाली २००४मध्ये.

दुसरा इतिहास कारखान्यातल्या कामगाराचा आहे. भोपाळनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखालच्या १९८९च्या घातक रसायनविषयक नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक ठेवणे आवश्यक केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मालाची पुरेशी माहिती वाहतूकदाराला देण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर टाकली. रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची जागतिक जीएचएस पद्धती २००३मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सोळा विभागांचा एसडीएस रूढ झाला. तरी १९८९च्या नमुन्यातली, वेगळ्या मांडणीची पत्रके जुन्या पुरवठादारांकडून अजूनही येतात.

हे दोन इतिहास एसडीएसच्या चौदाव्या, म्हणजे वाहतुकीच्या माहितीच्या विभागात एकत्र येतात आणि चुकाही बहुधा तिथेच सापडतात. कामगारासाठीचा धोका आणि वाहतुकीचा धोका एकच नसतो: ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यांना त्रासदायक असते, पण ८ टक्क्यांच्या खाली असल्यामुळे वाहतुकीच्या दृष्टीने ते धोकादायक मालात मोडत नाही.

याच रसायनाचे उदाहरण घेऊ. समजा, ५० टक्के पेरॉक्साइडचे कॅन पाठवायचे आहेत. पुरवठादाराने धाडलेल्या पत्रकाच्या तिसऱ्या विभागात प्रमाण ५० टक्केच आहे, पण चौदाव्यात यूएन २९८४, वर्ग ५.१, पॅकिंग ग्रुप तीन असे छापलेले आहे. हा क्रमांक ८ टक्के किंवा त्याहून जास्त, पण २० टक्क्यांहून कमी प्रमाणाच्या द्रावणाचा. २० ते ६० टक्क्यांसाठी यूएन २०१४ लागतो, त्याचा मुख्य वर्ग ५.१, म्हणजे ऑक्सिडीकारक, असला तरी ८ हा क्षरणकारक दुय्यम वर्गही असतो आणि पॅकिंग ग्रुप दोन असतो. सौम्य मालाच्या पत्रकात फक्त टक्केवारी बदलली, की अशी विसंगती राहते. म्हणून तिसरा आणि चौदावा विभाग शेजारी ठेवून वाचावेत आणि सोळाव्यातली सुधारणेची तारीखही पाहावी.

चुकलेल्या क्रमांकावर बुकिंग झाले, तर दुय्यम वर्गाचे लेबल लागत नाही आणि जहाजावर कोणत्या मालापासून किती दूर ठेवायचे हा हिशेबही चुकतो. कॅनचाही प्रश्न उरतो: यूएन खुणेत Z अक्षर असलेला कॅन फक्त पॅकिंग ग्रुप तीनला चालतो, दोनसाठी Y किंवा X लागते. त्यामुळे दुरुस्त पत्रक मागवताना कॅनवरच्या या खुणेचा फोटोही मागवलेला बरा, कारण गाडी दारात आल्यावर कॅन बदलणे कोणालाच परवडत नाही.