हद्दवाढीची रेघ आणि वरून दिसणारं सोलापूर

सोलापुरात आजही कुणाला पत्ता विचारला की "हद्दवाढ भागात राहतो" असं उत्तर येतं. हद्दवाढ झाली १९९२ ला. त्या साली जन्मलेलं पोरगं आता स्वतःच्या पोराला शाळेत सोडायला जातंय, तरी भाग अजून हद्दवाढच. पण शहर किती पसरलं, हे मोजायला बसलं की हाच शब्द सगळा हिशोब बिघडवतो, म्हणून त्याच्या मागची गोष्ट लिहितोय.

सोलापूर नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १९६४ ची. हद्दीची रेघ कशासाठी आखली जाते? पाणी कुणी द्यायचं, घरपट्टी कुणी घ्यायची, पूर्वी जकात नाका कुठं बसवायचा, यासाठी. शहर कुठपर्यंत वाढलंय हे मोजायला ती कधी आखलेलीच नव्हती. तरीपण शंभरेक वर्षं दुसरं मापच हाताशी नव्हतं, म्हणून जनगणना पण तीच रेघ धरायची आणि अभ्यास करणारे पण. ही रेघ हळूहळू सरकत नाही हो, वर्षानुवर्षं एका जागी बसून राहते आणि एक दिवस मंत्रालयातनं अधिसूचना निघाली की एकदम उडी मारते.

आपल्याकडं ती उडी १९९२ ला झाली. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावं आत आली आणि महापालिकेचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरनं १७८.५७ वर गेलं. म्हणजे एका कागदावर शहर पाचपट!

आता जनगणनेचे आकडे शेजारी ठेवून बघा. १९९१ ला शहराची लोकसंख्या ६,०४,२१५ आणि २००१ ला ८,७२,४७८, म्हणजे वाढ ४४ टक्के. त्याच दहा वर्षांत क्षेत्र वाढलं ४४१ टक्के. शहर विखरून पसरतंय का हे बघायची साधी रीत अशी, की जमीन किती टक्क्यानं वाढली त्याला माणसं किती टक्क्यानं वाढली यानं भागायचं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतला ११.३.१ हा निर्देशांक याच विचारावर उभा आहे, फक्त तिथं दर वर्षाला काढतात. उत्तर एकच्या आसपास आलं तर दोन्ही सोबत वाढलं, एकच्या वर जितकं जास्त तितका पसारा जास्त. आपलं उत्तर येतं दहा. म्हणजे माणसापेक्षा जमीन दहापट वेगानं खाल्ली, जगातल्या कुठल्याही शहराला लाज वाटावी असा आकडा.

आणि पुढची दहा वर्षं? २०११ ला लोकसंख्या ९,५१,५५८, वाढ ९ टक्के, क्षेत्र तेवढंच, वाढ शून्य. उत्तर शून्य. म्हणजे नव्वदच्या दशकात सोलापूर सुसाट पसरलं आणि २००१ नंतर एक वीटसुद्धा बाहेरच्या अंगाला लागली नाही, असं हा हिशोब सांगतो. ज्यानं २००१ नंतरचं जुळे सोलापूर नि विजापूर रोड डोळ्यानं बघितलंय तो हसेल की.

त्या ४४ टक्क्यातपण गोम आहे. बाळ्याचा किंवा शेळगीचा माणूस १९९१ ला गावात मोजला गेला आणि २००१ ला शहरात, आणि तो बिचारा घर बदलून कुठं गेला पण नव्हता. यावर उपाय साधा आहे पण कुणी करत नाही. १९९१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतनं त्या गावांची लोकसंख्या काढायची, जुन्या शहराच्या आकड्यात मिळवायची, आणि दोन्ही साली एकाच रेघेच्या आतलं मोजायचं. एवढं केल्याशिवाय २००१ चा वाढीचा दर कुठं छापलेला दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

घनतेचं पण तेच. १९९१ ला चौरस किलोमीटरला अठरा हजाराच्या वर माणसं आणि २००१ ला पाच हजाराच्या आत. यंत्रमागाच्या शेडशेजारी एका खोलीत सात जण राहणारी वस्ती दहा वर्षांत काही विरळ झाली नव्हती, भागाकारात खाली देगावची नि केगावची ज्वारीची रानं येऊन बसली एवढंच.

दुसरं माप आलं वरनं. पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ ला सुटला, नेमका आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्या साली. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून मोठा, त्यात सिद्धेश्वर तलाव ओळखू यायचा, गल्लीबोळ काय दिसणार. १९८२ च्या लँडसॅट ४ पासून ठिपका ३० मीटरवर आला, म्हणजे जवळपास ९ गुंठे. १९८८ ला भारतानं स्वतःचा आयआरएस-१ए सोडला. तरी चित्रं विकत घ्यावी लागायची आणि आपल्या आकाराच्या शहरासाठी पैसे घालून कोण घेणार? २००८ ला अमेरिकेनं लँडसॅटचा सगळा जुना साठा फुकट खुला केला, तिथनं खरं काम सुरू झालं, कारण आता १९९० चं सोलापूर पण घरी बसून बघता येऊ लागलं. २०१५ नंतर युरोपचा सेंटिनेल-२ आला, त्याचा ठिपका १० मीटरचा, १०० चौरस मीटर, म्हणजे बरोब्बर एक गुंठा म्हणायला हरकत नाही.

हा गुंठ्याचा हिशोब मी उगाच करत नाहीये. हद्दवाढ भाग बराचसा गुंठेवारीनं वाढला, एक-दीड गुंठ्याचे प्लॉट पाडले, कुणी घर बांधलं, कुणी नुसते चार दगड रोवून ठेवले. लँडसॅटच्या एका ठिपक्यात असे सहा ते नऊ प्लॉट बसतात आणि त्यात दोनच घरं असली तर तो अख्खा ठिपका माती म्हणून जातो. मग दहा वर्षांनी पाचवं-सहावं घर झालं की तोच ठिपका एका झटक्यात बांधकाम होतो. म्हणजे हळू झालेली वाढ इथंपण उडी मारल्यासारखी दिसते, फक्त नऊ गुंठ्यांची उडी.

पण सोलापूरपुरता सगळ्यात मोठा घोळ मातीचा आहे. बांधकाम ओळखायला २००३ साली चीनमधल्या नानजिंग शहरावर काम करताना एक सूत्र मांडलं गेलं, ते आजपण सर्रास वापरतात:

```
NDBI = (SWIR - NIR) / (SWIR + NIR)
```

हिरवं पीक जवळच्या अवरक्त किरणांना, म्हणजे सूत्रातल्या NIR ला, जोरात परत फेकतं, काँक्रीट नि पत्रा SWIR, म्हणजे लघुतरंग अवरक्त किरण, जास्त फेकतात. म्हणून उत्तर शून्याच्या वर आलं की बांधकाम धरायचं. नानजिंगला हिरवळ भरपूर, तिथं जमलं. पण कोरडी उघडी मातीसुद्धा SWIR जास्त फेकते! आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ज्वारी निघून गेलेली, रान उघडं पडलेलं, आणि उपग्रहाला ढग नसलेलं स्वच्छ चित्र मिळतं ते नेमकं तेव्हाच. मेचं चित्र घेऊन हे सूत्र लावलं की देगाव, तिऱ्हे सगळीकडं शहरच शहर. उलट जुनी माळवदाची घरं, ज्यांच्या छतावरच माती, ती खरी घरं असून शेतासारखी दिसतात, आणि रेल्वे लाईन्सकडचे लिंबाखालचे बंगले हिरवे दिसून गळून जातात.

यातनं वाट काढायची तर एका चित्रावर भागत नाही. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात, डिसेंबर-जानेवारीत रान हिरवंगार असतं. मेमध्ये कोरडा आणि डिसेंबरमध्ये पण कोरडा असा जो ठिपका, तोच बांधकाम धरायचा, वर्षात एकदा जरी हिरवा झाला तर ते शेत किंवा माळ. खडी क्रशरच्या खाणी तरी चुकून आत येतात, त्या हातानं काढाव्या लागतात. आणि दुष्काळ पडला की हा उपायपण फसतो. २०१५ सारख्या साली पेरणीच झाली नाही तर रान वर्षभर उघडं, मग त्या साली शहर फुगतं आणि पुढच्या चांगल्या पावसाला आक्रसतं. हीच चूक पकडायची खूण आहे. बांधकाम घटलेलं दाखवणारा नकाशा दिसला की समजायचं, घरं पडली नाहीत, ज्वारी उगवली.

आता दोन्ही मापं एकमेकांवर ठेवली की काय दिसतं? रेघेच्या आत मोकळं रान आणि रेघेच्या बाहेर दाट वस्ती, दोन्ही. बाहेरचं सगळ्यात ठळक उदाहरण कुंभारी. अक्कलकोट रोडला, महापालिका हद्दीच्या पलीकडं विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, १० हजार घरं, २००६ ला पंतप्रधानांच्या हस्ते ताबा दिला गेला. त्याच बाजूला रे नगर, ३० हजार घरांची योजना, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली. तालुक्याच्या गावापेक्षा मोठी वस्ती आहे ही, लोक कामाला-बाजाराला सोलापुरात, आणि महापालिकेच्या क्षेत्रफळात यातला एक उंबरासुद्धा नाही.

उपग्रहाला मात्र ती छपरं स्वच्छ दिसतात, प्रश्न वेगळाच येतो: ती सोलापूरची धरायची का? नुसती बांधकामाची बेरीज म्हणजे शहर नाही, कुठल्यातरी नियमानं तुकडे जोडावे लागतात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या श्लोमो एंजल यांच्या गटानं जगातली २०० शहरं मोजताना असं ठरवलं, की प्रत्येक बांधीव ठिपक्याभोवती एक चौरस किलोमीटरचं वर्तुळ घ्यायचं, म्हणजे ५६४ मीटर त्रिज्या, साधारण दहा मिनिटं चालायचं अंतर. वर्तुळात निम्म्याहून जास्त बांधकाम असलं तर तो ठिपका शहरी, पाव ते निम्मं असलं तर उपनगरी, त्याहून कमी असलं तर ग्रामीण. या नियमानं रे नगरच्या मधलं घर बिनधास्त शहरी ठरतं, हद्दवाढ भागातलं चार रानात एकटं उभं घर मात्र महापालिकेची घरपट्टी भरूनसुद्धा ग्रामीण. पण कुंभारी नि शहर यांच्यामध्ये अजून शेतं आहेत, त्यामुळं एकाच शहराचा तुकडा की वेगळं शहर, हे दोन कडांमध्ये किती अंतर चालवून घ्यायचं यावर ठरतं, आणि ते अंतर उपग्रह सांगत नाही, टेबलावर बसलेला माणूस ठरवतो.

म्हणजे रेघ इथंपण माणसानंच ओढली. फरक एवढाच की ही रेघ १९९० च्या चित्रावर आणि २०२० च्या चित्रावर त्याच नियमानं ओढता येते, आणि कुणी ५६४ च्या जागी दुसरा आकडा घातला तर उत्तर किती हललं तेही लगेच बघता येतं. हद्दवाढीच्या अधिसूचनेला असं परत चालवून बघता येत नाही. आता २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील, सोलापूर अमुक टक्के वाढलं अशी बातमी येईल, तेव्हा रे नगरला राहायला गेलेली कुटुंबं शहरातनं वजा झालेली असतील आणि मजरेवाडीची उरलेली रानं शहराच्या क्षेत्रफळात तशीच धरलेली असतील.