तक्रारींचा पॅरेटो आणि तासांचा पॅरेटो

दोन्ही तक्ते दिसायला सारखेच. डावीकडून उतरत जाणारे स्तंभ आणि त्यावर 100 टक्क्यांपर्यंत चढणारी संचयी रेषा. पण एक सांगतो ग्राहक कशासाठी फोन करतात, दुसरा सांगतो आपली माणसं कुठे अडकतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कूलर दुरुस्त करणाऱ्या टीमने या दोन्हींची गल्लत केली की पैसा भलत्याच कामाला लागतो.

समजा, महिन्यात 120 तक्रारी आल्या. क्षार बसून पंप जाम 48, पॅड क्षाराने भरलेले 30, फ्लोट व्हॉल्व्ह गळका 18, मोटर जळालेली 12, वायरिंग 6, इतर 6. संचयी टक्के येतात 40, 65, 80, 90, 95, 100. हा तक्ता पाहून कुणीही म्हणेल, पंप आणि पॅड धरा, मोटरचं नंतर बघू.

आता याच तक्रारी तासांत मोजू. पंपाला अर्धा तास, पॅडला एक, व्हॉल्व्हला अर्धा, वायरिंगला एक, इतरांना अर्धा. मोटरला मात्र चार, कारण ती काढून रिवाइंडिंगला न्यायची आणि पुन्हा जाऊन बसवायची. बेरीज योगायोगाने 120 तासच होते, पण क्रम फिरतो: मोटर 48, पॅड 30, पंप 24, व्हॉल्व्ह 9, वायरिंग 6, इतर 3. चौथ्या नंबरची मोटर एकटीच 40 टक्के वेळ खाते.

म्हणून फोन कमी करायचे असतील तर पहिला तक्ता धरायचा आणि सीझनआधी पंप-पॅड साफ करून द्यायचे. माणसं कमी पडत असतील तर दुसरा, आणि तयार मोटरी गाडीत ठेवायच्या. पॅड दोन्हीकडे दुसरे आहेत, तेव्हा ते काम कशातही वाया जात नाही.

तासांच्या तक्त्यात स्तंभ नव्याने उतरत्या क्रमाने लावावे लागतात, हे हमखास राहून जातं. जुन्याच क्रमात रेषा 20, 45, 52.5, 92.5 अशी जाते, म्हणजे मध्येच उसळी घेते. बरोबर लावलेल्या तक्त्यात रेषेचा चढ पुढे वाढत नाही, फक्त शेवटच्या ‘इतर’पाशी क्वचित वाढू शकतो, कारण ‘इतर’ कितीही मोठं असलं तरी टोकालाच बसतं. एक्सेलमध्ये कारणं A2 ते A7, आकडे B2 ते B7 असतील तर C2 मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$7)
```

डाव्या अक्षाची कमाल मर्यादा स्वतः 120 करा, उजव्याची 100 टक्के. एक्सेलवर सोडलं तर डावा अक्ष पहिल्या स्तंभाच्या जरा वरच संपतो, आणि 48 चा स्तंभ 40 टक्क्यांच्या बिंदूच्या कितीतरी वर जाऊन बसतो.

जॉबकार्डवर ‘गार हवा येत नाही’ एवढंच लिहिलेलं असेल, तर दोन्ही तक्ते बाद. ते लक्षण आहे. पंप की पॅड, हे कूलर उघडल्यावरच लिहायचं.