बट वेल्डमधला रेसिड्युअल स्ट्रेस

दोन प्लेटा कडेला कड लावून वेल्ड केल्या, जॉब पूर्ण गार झाला, क्लॅम्प काढले, वरून कसलाही लोड नाही, तरी आतल्या आत जो स्ट्रेस अडकून राहतो तो रेसिड्युअल स्ट्रेस, पुस्तकी मराठीत अवशिष्ट प्रतिबल. बट वेल्डमधे त्याचा नकाशा साधारण ठरलेला असतो. वेल्ड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा ओढलेला म्हणजे टेन्शनमधे असतो आणि तिथून लांबची प्लेट दाबलेली म्हणजे कॉम्प्रेशनमधे. हे सगळं वेल्डच्या लांबीच्या दिशेचं झालं, आडव्या दिशेचा स्ट्रेस हे वेगळं प्रकरण, तो प्लेटा मोकळ्या होत्या की जखडलेल्या यावर बराच अवलंबून असतो, त्यामुळे इथे लांबीच्याच दिशेचं बघू.

हे होतं कसं तर वेल्डिंग चालू असताना जॉइंटलगतचं लोखंड लालभडक होतं आणि त्याला लांब व्हायचं असतं, पण बाजूची गार प्लेट त्याला लांब होऊ देत नाही, आणि तापलेलं लोखंड मऊ असल्याने ते मुकाट दबतं, लांबीत जे वाढायला हवं होतं ते जाडीत फुगून बसतं. आता हेच गार व्हायला लागलं की त्याला आखडायचं असतं, आणि वितळून भरलेल्या वेल्ड मेटललाही गोठल्यापासून पुढे आखडायचंच असतं, पण परत तीच गार प्लेट आडवी येते. म्हणजे खरा क्लॅम्प प्लेट स्वतःच आहे. क्लॅम्प न लावता मोकळ्यावर वेल्ड केलं म्हणजे स्ट्रेस राहत नाही असं बरेच जण समजतात, पण लांबीच्या दिशेला त्याने फार फरक पडत नाही.

किती गार झाल्यावर गाडी यील्डला, म्हणजे मेटल कायमचं लांबायला लागतं त्या स्ट्रेसला, पोचते हे बघण्यासारखं आहे. साधं माइल्ड स्टील, यील्ड २५० मेगापास्कल धरू. यील्डला पोचेपर्यंत १ मीटरची पट्टी जेमतेम १.२५ मिमी ताणली जाते. आणि तीच १ मीटर पट्टी १ अंश गार झाली की ०.०१२ मिमी आखडते. भागाकार केला तर साधारण १०४ अंश येतात. म्हणजे दोन्ही टोकं पक्की धरलेली पट्टी नुसती शंभरेक अंश गार झाली तरी ती यील्डवर, आणि वेल्ड मेटल तर १५०० अंशांच्या आसपास गोठून खाली येतं! म्हणून वेल्डच्या पट्ट्यात यील्डइतकं टेन्शन असणं हे साध्या स्टीलमधे नेहमीचंच. करंट कमी केला, स्पीड वाढवला तर कमाल आकडा फारसा उतरत नाही, ओढलेला पट्टा अरुंद होतो. (गार होताना मार्टेन्साइट बनणाऱ्या काही जास्त अलॉयच्या वेल्डमधे मेटल शेवटी थोडं फुगतं आणि हे टेन्शन बरंच उतरतं, पण तो अपवाद.)

आता कॉम्प्रेशन कुठून आलं? बाहेरून कोणी ओढत नाही, तर आडव्या छेदावर सगळी बेरीज शून्यच यायला हवी. एक हिशोब करू. प्रत्येकी १५० मिमी रुंद, १० मिमी जाड अशा दोन प्लेटा, जोडून झाल्यावर ३०० मिमी. मधला ६० मिमी पट्टा २५० वर आहे असं सोपं करून धरलं (खरा आलेख असा चौकोनी नसतो, तो उतरत जातो) तर त्याची ओढ १५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५ टन. ती पेलायला उरलेली २४० मिमी रुंदी, म्हणून तिथे ६२.५ मेगापास्कल कॉम्प्रेशन. प्लेट रुंद असेल तर हे कॉम्प्रेशन पसरून कमी होतं, अरुंद असेल तर वाढतं. आणि प्लेटच्या अगदी टोकाच्या कडेवर लांबीच्या दिशेचा स्ट्रेस शून्यच, कारण तिथे धरायला पुढे काही नाही, तो टोकापासून आत जाता जाता चढतो.

खात्री करायची जुनी रीत म्हणजे कापणं. लांबी किती बदलली ते मोजणारे स्ट्रेन गेज चिकटवून रीडिंग घ्यायचं, मग वेल्डला समांतर पट्ट्या कापायच्या आणि परत रीडिंग. वरच्या प्लेटमधे वेल्डची पट्टी सुटली की मीटरमागे सव्वा मिमी आखडेल आणि बाहेरची पट्टी ०.३१ मिमी लांबेल. जॉबची वाट लागते हे खरं, म्हणून लोक छोटं भोक पाडून बाजूच्या गेजवर मोजतात, पण यील्डच्या जवळ भोकाच्या कडेचं मेटल स्वतःच यील्ड होतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. वेल्डवर भोक पाडून यील्डच्या वरचा आकडा आला तर घाबरण्याआधी हे आठवावं.

हीच प्लेट लांबीच्या दिशेने सरासरी १०० मेगापास्कलने ओढली तर काय होतं ते मला यातलं सगळ्यात मजेदार वाटतं. वेल्डचा पट्टा आधीच यील्डवर, तो आणखी काही घेत नाही, नुसता लांबतो. सगळा ३०० किलोन्यूटन लोड बाहेरच्या भागावर जातो, त्याचा स्ट्रेस १२५ ने वाढून उणे ६२.५ वरून अधिक ६२.५ होतो. लोड सोडला की सगळीकडे १०० ने उतरतं: वेल्डमधे १५०, बाहेर उणे ३७.५. परत बेरीज शून्य. म्हणजे एकदा ओढल्यानेच २५० चं १५० झालं आणि प्लेट मीटरमागे ०.१२५ मिमी कायमची लांब झाली. म्हणूनच चिवट स्टीलमधे रेसिड्युअल स्ट्रेसमुळे तुटायचा लोड कमी होत नाही. पण हे सगळं मेटल लांबू शकतं या भरवशावर. थंडीत ठिसूळ होणारं स्टील असेल आणि त्यात क्रॅक असेल तर लांबायला वावच नाही, मग तेच टेन्शन क्रॅक उघडायला मदत करतं. फटीगमधे, म्हणजे लोड परत परत येऊन जाऊन मेटल थकतं तिथे, पण हाच त्रास, बाहेरचा लोड दाबाचा असला तरी वेल्डजवळचा खरा स्ट्रेस टेन्शनमधेच वरखाली होत राहतो, त्यामुळे नंतर भट्टीत न तापवलेल्या वेल्डच्या हिशोबात सरासरी स्ट्रेस बघत नाहीत, रेंज बघतात.

कॉम्प्रेशनची बाजू निरुपद्रवी वाटते पण पातळ प्लेटमधे तीच नडते. बकलिंगला, म्हणजे दाबाने प्लेट वाकून फुगायला, लागणारा स्ट्रेस जाडीच्या वर्गाने उतरतो. वरच्या उदाहरणात वेल्डच्या प्रत्येक बाजूला १२० मिमी दाबलेला भाग आहे, एक कड मोकळी. १० मिमी जाडीला तो बकल व्हायला ढोबळ हिशोबाने ५०० च्या वर मेगापास्कल लागतील, ३ मिमीला फक्त ५० च्या आसपास. म्हणजे तेवढंच कॉम्प्रेशन ३ मिमी प्लेटमधे आलं तर मोकळ्या कडा लाटांसारख्या वरखाली होतात, आणि हातोडीने कडा ठोकून त्या सरळ होत नाहीत, कारण आखडलेला आहे मधला पट्टा, लांबवायचा तर तो लांबवायला हवा.

स्ट्रेस खरंच घालवायचा तर पूर्ण जॉब भट्टीत साधारण ६०० अंशांवर, जाडीच्या दर २५ मिमीला तासभर या अंदाजाने ठेवतात. त्या तापमानाला यील्ड बरीच खाली आलेली असते आणि मेटल हळूहळू सरकतं, म्हणून स्ट्रेस उतरतो, शून्य मात्र होत नाही. टॉर्चने नुसती वेल्डची लाइन तापवणं म्हणजे वेल्डिंगचाच प्रयोग परत करणं, गार झाल्यावर पट्टा पुन्हा ओढलेलाच. आणि भट्टीतून काढतानाही घाई चालत नाही, जाड भाग गरम आणि पातळ भाग गार असा शंभरेक अंशांचा फरक पडला आणि एकाने दुसऱ्याला धरून ठेवलं की वरचा १०४ चा हिशोब परत सुरू.